'एकं सद्विप्रा बहुधा वदन्ति' ही ओळ अस्यवामीय सूक्तात नेमकी कुठे आणि कशासाठी येते?

अनुराधा_वाचते

नमस्कार मंडळी. ही ओळ आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलोय. भाषणांत, पाठ्यपुस्तकांत, सभागृहांच्या भिंतींवर. पण ती ज्या सूक्तात आहे ते सूक्त सलग वाचणारे फार भेटत नाहीत. गेले काही आठवडे मी ते सायणभाष्य आणि मराठी भाषांतर शेजारी ठेवून वाचतेय. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातलं १६४वं सूक्त, ऋषी दीर्घतमा, ऋचा ५२. सुरुवात 'अस्य वामस्य' अशी, म्हणून अस्यवामीय.

पूर्ण ऋचा अशी:

इन्द्रं मित्रं वरुणमग्निमाहुरथो दिव्यः स सुपर्णो गरुत्मान् ।
एकं सद्विप्रा बहुधा वदन्त्यग्निं यमं मातरिश्वानमाहुः ॥

'त्याला इंद्र, मित्र, वरुण, अग्नी म्हणतात, आणि तोच तो दिव्य सुंदर पंखांचा गरुत्मान. जे एकच आहे त्याला विप्र नाना परींनी बोलतात, अग्नी, यम, मातरिश्वा म्हणतात.'

माझी अडचण अशी की सूक्त जवळजवळ सगळं कोड्यांचं आहे. एका चाकाचा रथ, तो ओढणारा सात नावांचा एकच घोडा, बारा आऱ्यांचं न झिजणारं चाक, त्यावर उभी असलेली ७२० जुळी मुलं. मग वेदी, सोम, गाय, वाणी. आणि ४६व्या ऋचेत एकदम हे विधान. ते तिथे उपरं वाटतं का? की आधीच्या कुठल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून आलंय? आणि 'त्याला' म्हणजे कोणाला? ऋचेत कर्म दिलेलंच नाही. जाणकारांनी लिहावं.

मुक्तछंद

छान विषय. माझ्या मते यात कोडं काहीच नाही. सर्व धर्म एकाच सत्याकडे नेतात, हा जगाला दिलेला पहिला संदेश आहे. म्हणूनच विवेकानंदांनी ११ सप्टेंबर १८९३ रोजी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत हीच ओळ म्हटली. संदर्भ काढत बसलं की मोठी गोष्ट लहान होते असं मला वाटतं.

टीपकागद

अनुराधाताई, प्रश्न नेमका विचारलात. आधी मुक्तछंद यांच्या मुद्द्याबद्दल. विवेकानंदांना ही ओळ अतिशय प्रिय होती आणि परत आल्यावर भारतातल्या व्याख्यानांत त्यांनी ती वारंवार सांगितली, हे खरं. पण ११ सप्टेंबरच्या त्या छोट्या भाषणात त्यांनी दोन वचनं उद्धृत केली होती: शिवमहिम्न स्तोत्रातलं 'रुचीनां वैचित्र्यात्' आणि गीतेच्या चौथ्या अध्यायातलं 'ये यथा मां प्रपद्यन्ते'. त्या दोन्हींत वेगवेगळ्या वाटांनी येणारी माणसं आहेत. अस्यवामीयातल्या ऋचेत वाटा नाहीत, नावं आहेत, आणि ती सगळी एकाच यज्ञात हाक मारल्या जाणाऱ्या देवतांची आहेत. इंद्राला मानणारा एक समाज आणि वरुणाला मानणारा दुसरा असं तिथे काही नाही. जो होता, म्हणजे ऋचा म्हणून देवांना बोलावणारा पुरोहित, इंद्राला बोलावतो तोच पुढच्या ऋचेत वरुणाला बोलावतो. म्हणजे इथलं 'बहुधा' एकाच माणसाच्या तोंडात घडतंय.

आता मूळ प्रश्न. सहावी ऋचा काढा.

अचिकित्वाञ्चिकितुषश्चिदत्र कवीन्पृच्छामि विद्मने न विद्वान् ।
वि यस्तस्तम्भ षळिमा रजांस्यजस्य रूपे किमपि स्विदेकम् ॥

'मला कळत नाही म्हणून ज्यांना कळतं त्या कवींना विचारतो, मी जाणता नाही, मला जाणायचंय. ज्याने हे सहा लोक वेगवेगळे सावरून धरले, त्या अजाच्या, न जन्मलेल्याच्या, रूपातलं ते एक काय आहे?'

शेवटचे शब्द बघा, 'किम् अपि स्वित् एकम्'. तिथे नपुंसकलिंगी 'एकम्' आणि ४६व्यातही नपुंसकलिंगी 'एकं सत्'. सहाव्यात विचारणारा कवींकडे जातो, ४६व्यात 'विप्र' बोलताना दिसतात. चाळीस ऋचांच्या अंतराने प्रश्नाला उत्तर मिळतंय असं मी वाचतो. पण उत्तर कसं आहे तेही बघावं. 'ते एक म्हणजे अमुक' असं ऋषी सांगत नाही. त्याला काय काय म्हणतात तेवढं सांगतो आणि थांबतो.

क्रमपाठी

मी लहानपणी गुरुजींकडे संहिता शिकलो. अर्थात मी फार खोल नाही, पण पाठाच्या अंगाने एक गोष्ट सांगतो, कारण ती छापील पुस्तकात नजरेआड होते.

आपण म्हणतो 'एकं सत् विप्रा बहुधा वदन्ति' आणि थांबतो. संहितेत तिथे थांबताच येत नाही. पाठ आहे 'वदन्त्यग्निं'. 'वदन्ति'चा इकार पुढच्या 'अग्निम्'च्या अकाराला मिळून 'न्त्य' झाला आहे. तिसरा आणि चौथा चरण एका श्वासात जातो. गुरुजी संथा देताना दुसरा अर्धा भाग कधीच तोडू द्यायचे नाहीत. कोणी 'वदन्ति' म्हणून टेकला की पुन्हा मागून सुरू. म्हणजे सुभाषित म्हणून जे वाक्य फिरतं ते जोडाक्षराच्या मधोमध कापलेलं आहे, आणि कापताना 'अग्निं यमं मातरिश्वानमाहुः' हा भाग खाली पडतो.

दुसरं, 'आहुः' दोनदा येतं. पहिल्या चरणाच्या शेवटी आणि चौथ्याच्या शेवटी. मधे 'वदन्ति'. नावांची एक रास, मग हे विधान, मग पुन्हा नावांची रास. म्हणताना जिभेला ते जाणवतं.

ओवी

क्षमस्व, माझा प्रश्न जरा वेगळा आहे पण याच ओळीचा आहे. आमच्या वाचनालयाच्या नव्या दालनात ही ओळ दगडात कोरायची ठरली आहे. समितीत वाद चालू आहे. एक जण म्हणतात 'एकम् सत्', दुसरे 'एकं सत्यं', तिसऱ्यांना 'सद्विप्रा' असं जोडून हवंय. कारागीर पुढच्या आठवड्यात येतोय. खाली मराठी अर्थ 'सत्य एक आहे, ज्ञानी त्याला वेगवेगळ्या नावांनी ओळखतात' असा ठरलाय. कृपया कोणी सांगेल का नक्की काय कोरायचं?

टीपकागद

ओवीताई, 'सत्यं' मुळीच कोरू नका, तो पाठ कुठेही नाही. 'एकं सद्विप्रा बहुधा वदन्ति' हे संहितेप्रमाणे, फक्त शेवट क्रमपाठींनी सांगितल्याप्रमाणे तोडलेला. पदं सुटी हवी असतील तर पदपाठाप्रमाणे 'एकम् । सत् । विप्राः । बहुधा । वदन्ति' असं, तेव्हा 'विप्राः'ला विसर्ग येईल. दोन्हींची भेसळ करू नका. अर्थात 'सत्य' ऐवजी 'जे आहे ते एकच' असं काही लिहिलंत तर मूळाच्या जवळ जाल. इथे खऱ्या-खोट्याचा प्रश्न नाही, असण्याचा आहे. जागा असेल तर मी पूर्ण ऋचाच कोरा म्हणेन. चार चरण म्हणजे काही फार नाही.

सारासार

मी थोडा विरोधी सूर लावतो. पहिल्या मंडलाचा बराच भाग उशिराचा आहे हे अभ्यासक मानतात. दुसरं ते सातवं ही कुळांची मंडलं जुनी. त्यांत प्रत्येक देवता स्वतंत्र आहे. इंद्र वृत्राला मारतो, वरुण ऋताची राखण करतो, कोणी कोणाचं नाव नाही. हे 'एक' प्रकरण शेवटी शेवटी तत्त्वज्ञान सुरू झालं तेव्हाचं. मग ४६वी ऋचा सूक्ताच्या शेपटीत का, याचं उत्तर साधं आहे: नंतर जोडली. आणि तिच्यावरून 'वेदांचं मत' ठरवणं चूक आहे.

टीपकागद

सारासार, मंडलांच्या कालक्रमाबद्दल तुमचं ढोबळमानाने बरोबर आहे. पण 'कुळांच्या मंडलांत हा विचार नाही' हे टिकत नाही. दुसऱ्या मंडलाचं पहिलंच सूक्त उघडा. 'त्वमग्न इन्द्रो वृषभः सतामसि', पुढच्या ऋचेत 'त्वमग्ने राजा वरुणो धृतव्रतः'. अग्नीला उद्देशून, तू इंद्र आहेस, तू वरुण आहेस, अशी ओळच्या ओळ लागली आहे. पाचव्या मंडलात अत्रींकडे ५.३.१: 'त्वमग्ने वरुणो जायसे यत्त्वं मित्रो भवसि यत्समिद्धः'. जन्मताना तू वरुण असतोस, पेटवल्यावर मित्र होतोस. तिसऱ्या मंडलात विश्वामित्रांकडे ३.२९.११: गर्भात असताना त्याला तनूनपात् म्हणतात, जन्मला की नराशंस, आणि आईच्या ठिकाणी आकार घेतला की मातरिश्वा.

ही शेवटची ऋचा आपल्यासाठी फार महत्त्वाची आहे. एकच अग्नी, अवस्था बदलली की नाव बदलतं. अरणीतला वेगळा, पेटलेला वेगळा. आणि त्यातलं 'मातरिश्वा' हे नाव थेट आपल्या ४६व्या ऋचेत शेवटी येतं. दीर्घतम्याने हवेतून काही काढलेलं नाही. वेदीवरच्या अग्नीकडे पाहणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या हे म्हणत होते. त्याने नवं काय केलं असेल तर संबोधन काढून टाकलं. इतरत्र 'तू' आहे, समोर अग्नी आहे. इथे 'तू' गेला आणि उरलं 'एकं सत्'.

सारासार

संदर्भ पाहिले, २.१ आणि ५.३ दोन्हीकडे तुम्ही म्हणता तसंच आहे. पण मग माझा प्रश्न वेगळ्या बाजूने: ही तर स्तुतीची रीत झाली ना? ज्या देवतेची पूजा चालू आहे तिलाच सगळं म्हणायचं. राजाला 'तूच पिता, तूच माता' म्हणतात तसं. त्यातून तत्त्व काढणं वेगळं.

अनुराधा_वाचते

सारासार, ती शंका २.१ ला लागू होईल. पण ४६व्या ऋचेत स्तुती कोणाची चाललीये? तिथे कोणाकडे काही मागितलेलं नाही, कोणाला बोलावलेलं नाही. 'आहुः', 'वदन्ति', म्हणजे लोक काय म्हणतात याबद्दलचं ते वाक्य आहे. देवतेशी बोलणं थांबवून देवतेविषयीच्या बोलण्याकडे वळून पाहिलंय. मला हाच फरक मोठा वाटतो.

टीपकागद, पण मग तुम्ही 'ते एक' म्हणजे अग्नी असं म्हणताय का? सायणांनी तर सूर्य घेतलाय.

टीपकागद

दोन्ही परंपरा जुन्या आहेत.

सर्वानुक्रमणी, म्हणजे ऋचांचे ऋषी आणि देवता नोंदवणारी जुनी सूची, या ऋचेची देवता सूर्य सांगते. सायण तिला धरून चालतात: त्या आदित्यालाच इंद्र म्हणतात, वगैरे. सूक्ताचा नूर पाहिला तर हे सहज पटतं. एका चाकाचा रथ, बारा आरे, ३६० खुंट्या, सगळं सूर्याचं आणि वर्षाचं. 'सुपर्ण' म्हणजे आकाशातला पक्षी, तोही सूर्यच. अथर्ववेदाच्या तेराव्या कांडात तर वेळापत्रकच दिलंय: संध्याकाळी तो वरुण होतो, सकाळी उगवताना मित्र, अंतरिक्षातून जाताना सविता, आणि माध्यान्ही इंद्र होऊन तापतो.

वैदिक शब्दांचा अर्थ लावणारे यास्क मात्र आपल्या निरुक्ताच्या सातव्या अध्यायात हीच ऋचा अग्नीवर लावतात. 'इममेवाग्निं महान्तमात्मानमेकमात्मानं बहुधा मेधाविनो वदन्ति.' हा इथला, पृथ्वीवरचा अग्नीच तो महान आत्मा. 'अग्निः सर्वा देवताः' या ब्राह्मणवचनाला आधार म्हणून त्यांनी ही ऋचा पुढे केली आहे. ऋचेत 'अग्नि' दोनदा का, या खटकणाऱ्या गोष्टीला या अर्थात उत्तर मिळतं: पहिला अग्नी म्हणजे ज्याच्याविषयी बोलतोय तो, दुसरा त्याचं एक नाव. सायणांनीही हा पक्ष नोंदवला आहे.

पण यास्क लगेच पुढे काय म्हणतात ते कोणी सांगत नाही. ज्याच्या वाट्याला सूक्त येतं आणि ज्याला हवी दिला जातो तो हा पृथ्वीवरचा अग्नीच. वरची दोन तेजं, म्हणजे वीज आणि सूर्य, 'अग्नी' हे नाव केवळ प्रसंगाने घेतात. म्हणजे 'सगळे एकच' असं म्हटल्यावर कोणालाही कोणताही हवी दिला तरी चालेल, असं ते होऊ देत नाहीत. इंद्राचा पुरोडाश इंद्रालाच. एकत्व मान्य, पण कर्मातली नावं अदलाबदल करता येत नाहीत. ही ओळ आज ज्या सैल अर्थाने वापरतात त्यापेक्षा हे फार काटेकोर आहे आणि मला ते जास्त प्रामाणिक वाटतं.

पिंपळपान

याच सूक्तात 'द्वा सुपर्णा सयुजा सखाया' आहे ना? एका झाडावर दोन पक्षी, एक फळ खातो, दुसरा नुसता बघतो. मुंडकोपनिषदात तेच आलंय आणि तिथे ते जीव आणि परमात्मा आहेत. मग ४६व्यातला 'सुपर्ण' म्हणजे तो बघणारा पक्षी, परमात्मा. सरळ वेदान्त आहे. मला वाटतं इथे सूर्य-अग्नीच्या वादाची गरजच नाही.

टीपकागद

ती विसावी ऋचा, बरोबर. उपनिषदाने ती घेतली आणि तिला तो अर्थ दिला, तोही मोठाच आहे. पण सूक्तात लगेच २१वी आणि २२वी ऋचा त्याच झाडाबद्दल आहे आणि तिथे पक्षी दोन राहत नाहीत, अनेक होतात. सगळे मध खाणारे, त्या झाडावर घरटी करणारे. त्यामुळे 'बघणारा एक' हा धागा सूक्तातच पुढे तसा ओढलेला नाही. ४६व्याशी जोडायचंच असेल तर शेवटची, ५२वी ऋचा घ्या. 'दिव्यं सुपर्णं वायसं बृहन्तम्', तिथे 'दिव्य' आणि 'सुपर्ण' हे दोन्ही शब्द पुन्हा एकत्र आलेत, पाण्याचा गर्भ, पाऊस देणारा, म्हणून त्याला हाक मारली आहे.

क्रमपाठी

माझा कल वेगळ्या बाजूला आहे, म्हणून लिहितो. सगळे पुढची ४७वी नाहीतर शेवटची ५२वी बघताहेत. मी मागची ४५वी बघतो, कारण पाठ करताना या दोन ऋचा एकमेकींना खेचून आणतात.

चत्वारि वाक्परिमिता पदानि तानि विदुर्ब्राह्मणा ये मनीषिणः ।
गुहा त्रीणि निहिता नेङ्गयन्ति तुरीयं वाचो मनुष्या वदन्ति ॥

वाणीचे चार भाग मोजलेले आहेत, मनीषी ब्राह्मणांना ते ठाऊक आहेत. तीन गुहेत ठेवलेले, ते हलत नाहीत. चौथा माणसं बोलतात. 'मनुष्या वदन्ति' यावर ही ऋचा संपते आणि पुढच्याच ऋचेत 'विप्रा बहुधा वदन्ति'. तेच क्रियापद. मी हे असं ऐकतो: इंद्र, मित्र, वरुण ही नावं म्हणजे बोलला जाणारा चौथा हिस्सा. ज्याची ती नावं आहेत ते त्या तीन न हललेल्या हिश्श्यांत. म्हणून 'ते एक' कोण हे सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते आणखी एक नाव होईल, आठवं.

अनुराधा_वाचते

क्रमपाठी, हे वाचून मी पुन्हा ३९वी ऋचा काढली. 'ऋचो अक्षरे परमे व्योमन्यस्मिन्देवा अधि विश्वे निषेदुः'. ज्या अक्षरात सगळे देव बसले आहेत, ते ज्याला माहीत नाही तो ऋचा घेऊन काय करणार? मग ४१वी 'गौरीर्मिमाय', वाणीची गाय, एकपदी, द्विपदी, चतुष्पदी. मग ४५. म्हणजे ३९ पासून वाणी हाच विषय चाललाय आणि ४६ त्याच ओघात येते. आता ती मला अजिबात उपरी वाटत नाही.

पण मग ४७ चं काय? 'कृष्णं नियानं हरयः सुपर्णाः', पाणी पांघरून पिवळे पक्षी आकाशात उडतात आणि खाली येऊन पृथ्वी भिजवतात. हे सरळ सूर्यकिरण आणि पाऊस आहे. अनुक्रमणी ४६ आणि ४७ दोन्ही सूर्याच्या म्हणते ते यामुळेच असणार.

टीपकागद

इथे एक पुरावा आहे आणि तो क्रमपाठींच्या बाजूने जातो.

हे सूक्त अथर्ववेदाच्या शौनक संहितेतही आहे. नवव्या कांडात, नववं आणि दहावं अशी दोन सूक्तं करून. तिथला क्रम ऋग्वेदासारखाच पण शेवटाकडे बदललेला. दहाव्या सूक्ताच्या शेवटच्या चार ऋचा पाहा: २५ म्हणजे ऋग्वेदातली ४३वी, 'शकमयं धूमम्'. २६ म्हणजे ४४वी, तीन केशींची. २७ म्हणजे 'चत्वारि वाक्'. २८ म्हणजे 'इन्द्रं मित्रं वरुणम्'. आणि सूक्त संपतं! 'कृष्णं नियानं' तिथे बरंच आधी, २२व्या जागी आहे. ऋग्वेदातली ४८वी 'द्वादश प्रधयः' तर या सूक्तात नाहीच, ती दहाव्या कांडात वेगळ्या ठिकाणी आहे.

म्हणजे ४३ ते ४६ हा गट दोन्ही संहितांत अभंग राहिला, पण ४६ ची पुढची शेजारीण मात्र बदलली. तेव्हा ४७ वरून ४६ चा अर्थ लावणं कच्चं ठरतं, आणि ४५ वरून लावणं पक्कं. शिवाय अथर्ववेद जपणाऱ्यांनी ही ऋचा सूक्ताची अखेर म्हणून ठेवली, यात त्यांनी ती कशी ऐकली हेही दिसतं.

सारासार यांच्या 'शेपटी'च्या मुद्द्यालाही एक आधार देतो, कारण तो त्यांनी मांडला नाही. महाव्रत या यज्ञविधीत हे सूक्त म्हणायचं ते ऐतरेय आरण्यकाप्रमाणे पहिल्या ४१ ऋचांपुरतंच, 'सलिलानि तक्षती' या ऋचेपर्यंत. अनुक्रमणीही तिथपर्यंत देवता विश्वेदेव सांगते आणि ४२ पासून ऋचा-ऋचेला वेगळी देवता देते. म्हणजे ४१ नंतर एक शिवण आहे हे जुन्यांनाही ठाऊक होतं. आपली ओळ शिवणीच्या पलीकडची आहे.

सारासार

मग मी म्हणतोय तेच झालं. नंतर जोडली.

टीपकागद

शिवण आहे हे मान्य. पण यज्ञात ४१ पर्यंत म्हणतात याचा अर्थ पुढचं नंतर रचलं असाच होत नाही. कर्माला लागतं तेवढं घेण्याची पद्धत सर्वत्र आहे. आणि सहाव्या ऋचेतला 'एकम्' ४६ शिवाय अनुत्तरित राहतो. दुसऱ्या ऋचेतला 'सप्तनामा' घोडाही विसरू नका. एक घोडा, सात नावं. ४६व्या ऋचेतली नावं मोजा: इंद्र, मित्र, वरुण, अग्नी, गरुत्मान, यम, मातरिश्वा. अग्नी दोनदा आला तरी एकदाच धरला तर सात. हे मुद्दाम केलंय असं मी छातीठोक म्हणणार नाही, घोड्याची सात नावं म्हणजे सात किरण किंवा सात ऋतू असंही भाष्यांत आहे. पण सूक्ताच्या दोन टोकांना एक आणि सात असं बसणं माझ्या मनातून जात नाही.

मुक्तछंद

सगळं वाचलं, बरंच नवीन कळलं. तरी मी माझ्या म्हणण्यावर आहे. ऋषीच्या डोळ्यांपुढे तेव्हा इंद्र-वरुणच असतील, कबूल. पण जे तत्त्व सात नावांना लागू आहे ते पुढे आलेल्या नावांना का लागू होऊ नये? ओळ तिच्या जन्मस्थळापुरती ठेवायची का? परंपरेने ती वाढवली तर तो परंपरेचा हक्क आहे.

अनुराधा_वाचते

हक्क आहेच. उपनिषदाने 'द्वा सुपर्णा' वाढवलं तसंच. फक्त वाढवताना ४५वी ऋचा सोबत घेतली तर वेगळं काही हाती लागतं. 'सगळी नावं बरोबर आहेत' एवढंच मग राहत नाही, 'सगळी नावं मिळूनही चौथाच हिस्सा होतो' हेही येतं. भिंतींवरच्या ओळीत हा दुसरा अर्धा भाग कुठेच नसतो.

ओवी

समितीला हा धागा दाखवला. पूर्ण ऋचा घ्यायला तिघे तयार झाले, एक जण 'लोकांना कळणार नाही' म्हणून अडून आहेत. तो निर्णय होईल तेव्हा होईल. पण एक विचारायचं राहिलं. हे सूक्त पूर्वी कशासाठी प्रसिद्ध होतं? आमच्यातल्या एका वयस्क सभासदांनी सांगितलं की ते पापनाशक सूक्त आहे.

क्रमपाठी

बरोबर सांगितलं त्यांनी. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात प्रायश्चित्तांमध्ये अस्यवामीय आहे. सोनं चोरणाऱ्याने ते आणि शिवसंकल्प सूक्त जपलं की तो शुद्ध होतो असं. जपाच्या यादीत ते अख्खं सूक्त म्हणून आहे, त्यातली ही एक ओळ वेगळी काढून नाही.

टीपकागद, एक शंका. दहाव्या मंडलात ११४व्या सूक्तात 'सुपर्णं विप्राः कवयो वचोभिरेकं सन्तं बहुधा कल्पयन्ति' आहे. शब्द जवळजवळ तेच. तिथे मात्र 'एकं सन्तं' पुल्लिंगी आणि तो सुपर्ण आहे हे उघड सांगितलंय. मग आपल्या ऋचेतही तो सुपर्णच नाही का? माझ्याच म्हणण्याविरुद्ध जातंय हे.

टीपकागद

हा या धाग्यातला सगळ्यात अवघड संदर्भ आणि तुम्हीच काढलात. १०.११४.५ मध्ये विप्र आणि कवी शब्दांनी, 'वचोभिः', त्या एका पक्ष्याला अनेक रूपांत रचतात. ऋचेच्या दुसऱ्या अर्ध्यात छंद आणि सोमाचे बारा ग्रह येतात, म्हणजे तिथे पक्षी यज्ञात मोजूनमापून वाटला जातोय. दोन प्रकारे बघता येईल. एक, दहाव्या मंडलातल्या कवीने आपली ऋचा ऐकली आणि 'एकं सत्' म्हणजे सुपर्ण असा अर्थ लावून ती आपल्या भाषेत बांधली. तसं असेल तर तो यास्कांच्याही आधीचा भाष्यकार ठरतो. दुसरं, दोघांच्याही मागे एकच जुना बोल होता आणि दीर्घतम्याने त्यातला पक्षी 'एक' या जागेवरून उचलून नावांच्या राशीत नेऊन बसवला. ऋचेत नेमक्या त्याच नावाला विभक्ती बदलते. इंद्रं, मित्रं, वरुणम्, अग्निम् ही सगळी द्वितीया आणि मधेच 'दिव्यः स सुपर्णो गरुत्मान्' ही प्रथमा. बाकीची नावं लोक त्याला देतात, आणि हा 'तो' आहे असं म्हटल्यासारखं. तो सांधा अजून तिथे दिसतो.

मी दुसऱ्या बाजूला झुकतो. पण पहिली खोडून काढणारा आधार माझ्यापाशी नाही.

अनुराधा_वाचते

ती प्रथमा माझ्या लक्षातच आणून दिलीत. मग सायण सुपर्णाचं काय करतात ते बघते. आणि ४४वी ऋचा अजून राहिली आहे. तीन केशी, एक वर्षातून एकदा कापतो, एक सगळं न्याहाळतो, एकाचा वेग दिसतो पण रूप नाही. अग्नी, सूर्य, वारा. दोन्ही संहितांत तीही याच गटात आहे, म्हणजे तीन, मग चार, मग एक असा उतार लागतो. ज्यांनी ४३वी नीट वाचली आहे त्यांनी त्या शेणाच्या धुराबद्दल लिहा, गट तिथून सुरू होतो आणि मला ती अजिबात उलगडलेली नाही.